बोर्डावरचा भाव आणि बांधावरचा भाव

निलेश आमच्या गल्लीतलाच. त्याचे वडील माझ्याबरोबर पोस्टात होते. त्याने गुंतवणूक सल्लागाराचं काम सुरू केलं तेव्हा पहिला चहा आमच्याच ओट्यावर झाला होता. तो आला की बॅगेतून कागद निघतात आणि त्याच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी एक शब्द येतो. "नाना, हे लिक्विड आहे." "नाना, ते जरा इलिक्विड आहे, पण रिटर्न बघा ना." मी अमळनेरच्या पोस्टात पस्तीस वर्षं काउंटरवर काढली. किसान विकास पत्रं, आवर्ती ठेवी, मासिक प्राप्ती योजना, सगळं या हातांखालून गेलेलं. त्यामुळे लिक्विड म्हणजे काय ते मला कळतं अशी माझी समजूत होती. लागले तर पैसे काढता येतात, झालं. यात काय कळायचंय?

ही समजूत २०२३च्या दिवाळीनंतर मोडली, आणि तीही सोन्यावरून.

२०२०च्या ऑगस्टमध्ये निलेशच्या सांगण्यावरून मी सरकारी सुवर्ण रोखे घेतले होते, म्हणजे सोनं हातात न घेता सोन्याच्या भावाने पैसे परत देणारी सरकारची चिठ्ठी. चाळीस ग्रॅम. भाव होता ग्रॅमला ५,३३४ रुपये. ऑनलाइन भरले म्हणून पन्नास रुपये सूट. वर्षाला अडीच टक्के व्याज, तेही सरकारकडून, सहा-सहा महिन्यांनी खात्यात जमा. मुदत आठ वर्षं. आठ वर्षं म्हटल्यावर मी कचरलोच होतो. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला आठ वर्षं म्हणजे फार लांबचा पल्ला. तेव्हा निलेश म्हणाला, "आठ वर्षं कोण थांबायला सांगतंय नाना? पाच वर्षांनी रिझर्व्ह बँक परत घेते. आणि त्याआधी लागले तरी शेअर बाजारात लिस्टेड आहेत. मोबाइलवरून विका. एकदम लिक्विड."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. रोखे खरंच लिस्टेड होते, मोबाइलवरून विकताही येत होते.

दिवाळी झाली आणि आमच्या शेताला लागून असलेला दीड एकराचा तुकडा विकायला निघाला. बांधाला बांध. ज्याच्या घरात शेती आहे त्याला हे समजावून सांगायला नको. शेजारचं शेत माणसाच्या आयुष्यात एकदा विकायला निघतं. मालकाला पंधरा दिवसांत इसार हवा होता, अडीच लाख. बाकीचे खरेदीखताच्या वेळी. सोन्याचा भाव तेव्हा ग्रॅमला ६,१००च्या आसपास होता. मी ओट्यावर बसल्या बसल्या हिशोब केला: चाळीस गुणिले ६,१००, म्हणजे २ लाख ४४ हजार. वरचे सहा हजार पेन्शनमधून. इसार झाला की!

संध्याकाळी निलेशला बोलावलं. त्याने माझ्या मोबाइलवर ॲप उघडलं आणि माझ्या रोख्याचं नाव टाकलं: SGBAUG28V. ऑगस्ट २०२८ला मुदत संपणारा, मी घेतला त्या वर्षातला पाचवा हप्ता, असा त्याचा अर्थ. बाजार बंद झाला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तो पुन्हा आला. स्क्रीनवर दोन रकाने होते. डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे. आकडे मी तेव्हाच वहीत उतरवून घेतले, पोस्टातली सवय.

घेणाऱ्यांच्या रकान्यात पाच ओळी. पहिला म्हणत होता, मी ५,९६०ने घेतो, पण तीनच ग्रॅम. दुसरा ५,९५५ने दोन ग्रॅम. तिसरा ५,९३०ने दहा. चौथा ५,९००ने सहा. पाचवा ५,८५०ने पंचवीस. विकणाऱ्यांच्या बाजूला सगळ्यात स्वस्त माणूस ६,०४० मागत बसला होता.

मी म्हटलं, "सोन्याचा भाव ६,१०० ना?"

"हो."

"मग हा ५,९६० कुठून आला?"

निलेश जरा थांबला. म्हणाला, "नाना, ६,१०० हा सोन्याचा भाव. हा रोख्याचा भाव."

मग मी हिशोब मांडला. समजा बटण दाबून सांगितलं की चाळीसच्या चाळीस आत्ता विका, मिळेल तो भाव. याला मार्केट ऑर्डर म्हणतात. पहिले तीन ५,९६०ने जातील, मग दोन, मग दहा, मग सहा, आणि उरलेले एकोणीस थेट ५,८५०च्या माणसाच्या पदरात. बेरीज २ लाख ३५ हजार ६४०. म्हणजे ओट्यावरच्या हिशोबापेक्षा ८,३६० रुपये कमी. साधारण साडेतीन टक्के. मला वर्षाला मिळणारं व्याज अडीच टक्के, तेही मूळ किमतीवर. दीड वर्षाहून जास्त व्याज एका बटणात गेलं असतं.

एक गोष्ट मला तेव्हा नीट दिसली, आणि ती निलेशच्या कुठल्याच कागदावर नव्हती. लिक्विड आहे का, या प्रश्नाला हो किंवा नाही हे उत्तर नसतंच. तीन ग्रॅम विकायचे असते तर माझा रोखा बऱ्यापैकी लिक्विड होता. चाळीस विकायचे म्हणताच तोच रोखा इलिक्विड झाला. चारशे असते तर काय झालं असतं, देव जाणे.

हे मला कुणी समजावलं असेल तर माझ्या साडूंनी. त्यांची रावेर तालुक्यात केळी आहे. त्या रात्री फोनवर मी तक्रारीच्या सुरात हे सगळं सांगितलं, तर ते हसायला लागले. म्हणाले, "तुम्हाला आज कळलं का? आमच्याकडे बोर्डावरचा भाव वेगळा नि बांधावरचा वेगळा. बोर्डावर जाहीर होतो तो वाचायला. घड कापायला आला, पिकायला लागला आणि व्यापाऱ्याची गाडी एकच असली, की तो देईल तो आपला भाव."

केळी पट्ट्यातल्या माणसाला हा फरक बाराखडीइतका पाठ आहे. जाहीर भाव आणि हातात पडलेला भाव यांत जे अंतर राहतं, तीच इलिक्विडिटी. माल चांगला, भावही जाहीर, तरी आज, इथे, एवढा सगळा माल घेणारा माणूस समोर नसला की ते अंतर वाढत जातं. घाई जितकी जास्त तितकं अंतर मोठं.

कापसाची गोष्ट मात्र वेगळी, आणि निलेशसारखी मुलं इथे गल्लत करतात म्हणून सांगतो. २०२३च्या सुरुवातीला आमच्याकडे घरोघरी कापूस पडून होता. भाव वाढेल म्हणून लोकांनी विकला नाही, घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि अंगाला खाज सुटायची ती वेगळीच. पण त्या कापसाला गिऱ्हाईक रोज दारात येत होतं. काटा लावायचा, पैसे घ्यायचे. तो कापूस लिक्विडच होता. फक्त भाव मनाजोगता नव्हता. बाजारच खाली आला तर तो तोटा वेगळा, आणि बाजार जागेवर असताना आपल्याला बाजारापेक्षा कमी घ्यावं लागलं तर तो वेगळा. "मार्केट डाऊन आहे नाना" असं म्हणून ही दोन पोती एका काट्यावर ठेवू नयेत. त्या सकाळी सोनं खाली आलेलं नव्हतं. माझी चिठ्ठी घेणारा माणूस नव्हता.

आता हा माणूस का नव्हता? सरकारची चिठ्ठी, सोन्याची किंमत, वर व्याज, मग गर्दी का नाही? याचं उत्तर निलेशने नंतर शोधून आणलं आणि ते मला पटलं. नोव्हेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०२४ या काळात सरकारने हे रोखे एकूण ६७ वेळा काढले. प्रत्येक वेळचा रोखा बाजारात स्वतंत्र नावाने, स्वतंत्र रांगेत. सोनं एकच, पण ज्याला माझा ऑगस्ट २०२८चा पाचवा हप्ता हवाय त्यानेच माझ्या रांगेत उभं राहायचं. आधीच घेणारे मोजके, त्यात ते साठ-पासष्ट रांगांत वाटले गेलेले. शिवाय ज्यांच्याकडे रोखे आहेत त्यांतले बहुतेक माझ्यासारखे, घेऊन गप्प बसणारे. आणि आमच्या पोस्टातून ज्यांनी कागदी प्रमाणपत्रावर घेतले त्यांना तर आधी ते डीमॅट, म्हणजे कागदावरून ऑनलाइन खात्यात जमा, करून घ्यावे लागतात, तोवर बाजारात उभंसुद्धा राहता येत नाही.

डीमॅटवरून आठवलं. अमळनेरला ही गोष्ट सांगायला नको खरं तर. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली, आणि गावातल्या कितीतरी घरांत तिचे शेअर आले. तो शेअर देशातल्या सगळ्यात सहज विकल्या जाणाऱ्या शेअरांपैकी एक. पण एखाद्या घरात आजोबांच्या ट्रंकेत त्याच शेअरचा जुना कागद निघाला, तर तो थेट विकता येत नाही. एप्रिल २०१९पासून कागदावरचे शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. वारसदाखला, सह्यांचा मेळ, मग डीमॅट, मग विक्री. कंपनी तीच, भाव तोच, आणि डीमॅटमधला शेअर सकाळच्या सकाळी विकला जातो तर ट्रंकेतल्याला महिनोन्महिने लागतात.

असो. रोख्यांकडे येतो.

निलेशने मार्केट ऑर्डर लावू दिली नाही, याबद्दल त्याचे आभार. आम्ही लिमिट ऑर्डर लावली, म्हणजे मी सांगेन त्या भावाच्या खाली विकायचं नाही. ६,००० लावला. उजवीकडच्या रकान्यात आता मी सगळ्यात स्वस्त विकणारा झालो. पहिल्या दिवशी पाच ग्रॅम गेले. दुसऱ्या दिवशी एकही नाही. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी सहा, आणि मला वाटलं सुटलो. पाचव्या दिवशी पुन्हा शून्य. पाच दिवसांत तेरा ग्रॅम, ७८ हजार रुपये. मोबाइलकडे बघत बसलेल्या नवऱ्याला बघून ही म्हणाली, "माझ्या पाटल्या घेऊन जळगावला गेला असतात तर काल दुपारीच परत आला असतात."

खरं होतं ते. जळगावच्या सराफ बाजारात हॉलमार्कच्या पाटल्या ठेवल्या की वजन होतं, कस बघतात, घट धरतात आणि अर्ध्या तासात पैसे. कागदाचं सोनं अडलं होतं आणि खरं सोनं पळत होतं. पण हिच्या पाटल्यांनाही लिक्विडिटी फुकट मिळालेली नव्हती. घेताना घडणावळ दिली होती, ती त्याच दिवशी गेली. विकताना सराफ घडणावळीचा एक पैसा देत नाही. दागिन्यात ही किंमत दारातून आत जाताना भरावी लागते, रोख्यात बाहेर पडताना. पण दागिन्याची किंमत विकण्याच्या घाईच्या दिवशी समोर उभी राहत नाही, म्हणून ती कमी बोचते.

शेवटी इसाराचे बाकीचे १ लाख ७२ हजार कुठून आले? मुदत ठेवीतून. आणि ठेव मोडूनसुद्धा नाही. बँकेत तीन लाखांची ठेव होती, मी तिच्यावर कर्ज काढलं. ठेवीला जे व्याज मिळतं त्याहून एक टक्का जास्त दराने, सकाळी अर्ज आणि दुपारी पैसे. ज्या मुदत ठेवीला निलेश नाक मुरडतो ती त्या आठवड्यात घरातली सगळ्यात लिक्विड वस्तू निघाली.

यावर मी बराच विचार केला आणि मला जो फरक सापडला तो एवढाच: पैसे परत कोण देणार? ठेवीचे पैसे बँक देणार. तिनेच घेतले, तीच नियमाने परत देणार, फार तर अर्धा-एक टक्का दंड कापेल. तो दंडही आधीच छापलेला. रोखा बाजारात विकायचा म्हणजे मात्र सरकार देणार नाही. कुणीतरी तिसराच माणूस आपल्या जागी यायला हवा. तो आला तर पैसे. प्लॉटचंही तसंच, न विकल्या जाणाऱ्या कंपनी रोख्यांचंही तसंच. सल्लागार "लिक्विड" म्हणतो तेव्हा तो या दोन्हींना एकच शब्द वापरतो. नियमाने परत घेणारा आहे, आणि घेणारा सापडला तर विकता येतं, या दोन गोष्टींत पेन्शनरासाठी जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आणि जो नियमाने परत घेतो म्हणतो, त्याच्याकडे तरी पैसे कुठून येणार हेही बघावं लागतं. २३ एप्रिल २०२०ला फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंड कंपनीने आपल्या सहा कर्जरोखे योजना बंद केल्या. त्यांत सुमारे पंचवीस हजार कोटी रुपये होते. आदल्या दिवसापर्यंत या योजनांतून कुठल्याही कामाच्या दिवशी पैसे काढता येत होते. पण योजनेने पैसे ठेवले होते अशा रोख्यांत, जे स्वतः पटकन विकले जात नव्हते. करोनाच्या भीतीने सगळे एकदम दारात आले आणि दार लावून घ्यावं लागलं. पुढची काही वर्षं लोकांना हप्त्याहप्त्याने पैसे मिळाले, आणि एकूण मिळाले ते बंद झाल्या दिवशीच्या किमतीपेक्षा जास्तच. म्हणजे पैसे बुडाले नाहीत, अडकले. ज्याला त्या वर्षी मुलीचं लग्न करायचं होतं त्याला हा फरक सांगून बघा.

अडकणं आणि बुडणं वेगळं, हे आम्ही खानदेशातली माणसं जरा कडवटपणे शिकलो आहोत. माझ्या थोरल्या बहिणीची ठेव एका पतसंस्थेत होती. एजंट घरचाच. "आक्का, केव्हाही मोडता येते," म्हणायचा, आणि दोन-तीन वर्षं तसं झालंही. मग एक दिवस शटर अर्ध्यावर आलं. पतसंस्थेच्या ठेवीला ते पाच लाखांपर्यंतचं बँकवालं विमासंरक्षण नसतं, हे तिला तेव्हा कळलं. पुढे माणसं यायला लागली: पावती सही करून द्या, शंभराचे तीस देतो. आक्काने दिली नाही. आमचे एक गाववाले तेव्हा ओट्यावर बसून म्हणायचे, "पैसा शेतस, पन हातमा नई." पैसे आहेत, हा पहिला अर्धा भाग तरी खरा आहे का, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि शंभराचे तीस हा त्या न माहीत असण्याचा भाव होता. माझ्या रोख्याला शंभराचे शहाण्णव-सत्त्याण्णव मिळत होते. तिथे वस्तू पक्की होती, फक्त गिऱ्हाईक कमी. भावातली तूट किती खोल आहे यावरून निव्वळ अडचण कुठली आणि आत काहीतरी सडलंय कुठलं, याचा थोडाफार अंदाज येतो. थोडाफारच.

माझे उरलेले सत्तावीस ग्रॅम मी तसेच ठेवले. तो तुकडा आमचा झाला, त्यात पहिल्या वर्षी कापूसच लावला. आणि मग ऑगस्ट २०२५ आला. पाच वर्षं पूर्ण झाली, म्हणजे व्याजाच्या तारखेला रिझर्व्ह बँकेकडे रोखा परत करण्याची खिडकी उघडली. त्या तारखेच्या आधीच्या ठरावीक दिवसांत अर्ज द्यावा लागतो. तारीख चुकली की पुढची खिडकी सहा महिन्यांनी. मी वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं होतं. अर्ज दिला. भाव कुणी ५,९६० सांगणारा किंवा ५,८५० सांगणारा नाही. आधीच्या तीन कामाच्या दिवसांच्या सोन्याच्या बंद भावाची सरासरी, शुद्ध सोन्याची, पूर्णच्या पूर्ण. सत्तावीस ग्रॅम असोत की सत्तावीसशे, तोच भाव. ठरल्या दिवशी पैसे खात्यात. घट नाही, रांग नाही.

नोव्हेंबर २०२३मध्ये जिला पाच दिवसांत तेरा ग्रॅमपलीकडे गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, तीच चिठ्ठी पावणेदोन वर्षांनी एका तारखेला लख्ख रोकड होती. आणि त्या तारखेनंतर पुन्हा सहा महिने रांगेत.

परवा निलेश आला. सोन्याच्या भावाने तोही खूश, मीही खूश. चहा होईपर्यंत त्याने बॅगेतून एक कागद काढला. कुठल्याशा कंपनीचे रोखे, बँकेपेक्षा तीन टक्के जास्त. "नाना, आधीच सांगतो, जरा इलिक्विड आहे. पण लिस्टेड आहे."

मी म्हटलं, "मोबाइल काढ."

त्याने काढला. नाव टाकलं, दोन रकाने उघडले. सोमवारचे साडेअकरा वाजले होते, बाजार भर रंगात. उजवीकडे दोन विकणारे होते. डावीकडे एकही ओळ नव्हती.

निलेशने स्क्रीन एकदा खाली ओढून पुन्हा ताजी केली. मग कागद बॅगेत ठेवला आणि बशीत चहा ओतला.